दिवाळीत तूप दुप्पट खपलं, त्यातलं ऑफरमुळे किती?

दिवाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत पुण्यातल्या कुठल्याही किराणा दुकानात तूप जास्तच खपतं. बेसनाचे लाडू, करंज्या, अनारसे घरोघरी सुरू झालेले असतात, आणि तूप स्वस्त असो वा महाग, ते लागतंच. अशा दिवसांत एखाद्या दुकानाने तुपावर ऑफर लावली आणि विक्री दुप्पट झाली, तर तेवढ्यावरून ऑफर चालली असं म्हणता येत नाही. ऑफर लावलीच नसती तर किती खपलं असतं, हे आधी काढावं लागतं. हा आकडा बिलिंगच्या कुठल्याच अहवालात सापडत नाही, कारण तसं प्रत्यक्षात घडलेलंच नसतं. तो अंदाजानेच काढावा लागतो, आणि सगळं विश्लेषण या अंदाजाच्या भरवशावर उभं राहतं.

अंदाज काढायची सर्वात भरवशाची रीत अशी की काही शाखांत ऑफर लावायची, काहींत मुद्दाम लावायची नाही, आणि दोन्हीकडे विक्री कशी बदलली ते ताडून पाहायचं. ऑफर लावलेल्या शाखांना टेस्ट दुकानं म्हणतात, न लावलेल्यांना कंट्रोल दुकानं. दोघांच्या फरकातून जी वाढीव विक्री निघते ती लिफ्ट. या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मिळून २४ शाखा असलेली एक किराणा साखळी आहे असं धरू. तिने २०२५ च्या दिवाळीत एका कंपनीच्या १ लिटर तुपाच्या पॅकवर ५० रुपये सूट दिली. साखळी आणि तिचे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, तारखा मात्र खऱ्या आहेत.

मागच्या वर्षाशी तुलना का चालत नाही

बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा हेच करतात: यंदाचा ऑक्टोबर आणि मागचा ऑक्टोबर शेजारी ठेवतात. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. म्हणजे २०२५ ची ६ ते १९ ऑक्टोबर ही ऐन फराळाची खरेदी, आणि २०२४ च्या त्याच तारखा दसऱ्याच्या आसपासच्या. नुसत्या तारखा जुळवल्या तर ऑफर न लावताही मोठी वाढ दिसली असती.

लक्ष्मीपूजनापासून उलटे दिवस मोजले की ही एक अडचण सुटते. ६ ते १९ ऑक्टोबर २०२५ म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या १५ दिवस आधीपासून २ दिवस आधीपर्यंत. २०२४ मध्ये तेच दिवस १७ ते ३० ऑक्टोबर येतात. पण २०२५ मध्ये तुपाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली होती. २२ सप्टेंबरपासून तुपावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याची घोषणा ३ सप्टेंबरलाच झाली होती, त्यामुळे मधल्या दिवसांत ज्यांना थांबता येत होतं ते थांबले असणार. त्यातच पितृपक्ष, मग नवरात्र. इतक्या गोष्टी एकमेकींत मिसळल्यावर आधी आणि नंतर, किंवा मागचं वर्ष आणि हे वर्ष, अशा तुलनेतून ऑफरचा वाटा वेगळा काढता येत नाही.

कंट्रोल दुकानांचा खरा उपयोग इथे होतो. जीएसटी कमी झाला तो सगळ्या शाखांत झाला. दिवाळी सगळीकडे एकाच दिवशी आली. पाऊस लांबला तर बिबवेवाडीतही लांबला आणि कोथरूडमध्येही. दोन्ही बाजूंना सारख्या लागू होणाऱ्या गोष्टी तुलनेत आपोआप कटून जातात, आणि एका बाजूला असलेली, दुसऱ्या बाजूला नसलेली ऑफर तेवढी शिल्लक उरते. अट एकच: ऑफर नसती तर दोन्ही बाजू सारख्याच प्रमाणात वाढल्या असत्या. ही अट मोडली की पुढचं गणित कितीही बिनचूक असलं तरी उत्तर चुकीचंच येतं.

जोड्या लावणं

शाखांच्या जोड्या लावताना लोक दुकानाचा आकार पाहतात. महिन्याला सारखी उलाढाल असलेली दोन दुकानं घेतली की जोडी झाली असं समजतात. आकार जुळला तर चांगलंच, पण सणाच्या ऑफरसाठी त्याहून महत्त्वाचं हे की सण आला की ते दुकान किती पट वाढतं. याला आपण सणाचा गुणक म्हणू.

पुण्यात हा गुणक भागाभागाप्रमाणे बदलतो. कोथरूड, सदाशिव पेठ, बिबवेवाडी, निगडी इथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी घरं जास्त आहेत. दिवाळीत ती घरं भरतात, पाहुणे येतात, फराळ होतो. हिंजवडी, वाकड, खराडी इथे नोकरीसाठी आलेले, भाड्याने राहणारे बरेच आहेत. त्यातले अनेक जण दिवाळीच्या आधीच्या शनिवार-रविवारी गावी निघतात, आणि नेमकं तेव्हाच तिथल्या दुकानांचं गिऱ्हाईक पातळ होतं. वसतिगृहं आणि पीजींच्या आसपासच्या दुकानांचंही तसंच.

आता कोथरूडचं दुकान टेस्टला आणि त्याच उलाढालीचं हिंजवडीचं दुकान कंट्रोलला घेतलं तर काय होईल? समजा एरवी आठवड्याला १०० लिटर तूप विकणारं कोथरूडचं दुकान ऑफरशिवायही दिवाळीत १.७ पट, म्हणजे १७० लिटरवर गेलं असतं. हिंजवडीचं मात्र १.३ पटच वाढतं. हिंजवडीच्या मापाने कोथरूडचा अंदाज १३० लिटर निघेल, आणि उरलेले ४० लिटर ऑफरच्या खात्यात फुकट जमा होतील. ते ऑफरने विकलेले नसतात, सणानेच विकलेले असतात.

म्हणून प्रत्येक शाखेसाठी मागच्या दिवाळीचा गुणक आधी काढावा: लक्ष्मीपूजनाआधीच्या १५ ते २ या दिवसांतली आठवड्याची सरासरी, भागिले त्याआधीच्या आठ आठवड्यांची सरासरी. मागच्या वर्षी ऑफर असेल तर ती सगळ्या शाखांत सारखी होती ना, हे पाहून घ्यावं. मग गुणक जवळजवळ सारखे असलेल्या शाखांच्या जोड्या लावाव्यात, आणि त्यातल्या त्यात आकार जुळेल असं पाहावं. कोथरूडला बिबवेवाडी, वाकडला खराडी, निगडीला हडपसर, असं काहीसं निघेल. पण हे नकाशावरून ठरवायचं नाही, आपल्या बिलांवरून ठरवायचं. एकाच भागातल्या दोन शाखांचे गुणकही कधीकधी बरेच वेगळे निघतात.

कोथरूडला शेजारच्या कर्वेनगरची जोड देण्याचा मोह होतो, कारण गिऱ्हाईक सारखंच आहे. ते करू नये. दहा मिनिटांच्या अंतरावर तूप ५० रुपयांनी स्वस्त आहे हे कळलं की कर्वेनगरचं गिऱ्हाईक कोथरूडला जातं. टेस्टची विक्री वाढते, कंट्रोलची घटते, आणि एकच पॅक तुलनेत दोनदा मोजला जातो. साखळीला एकूण नवीन काहीच मिळालेलं नसतं. सारखं गिऱ्हाईक हवं, पण तेच गिऱ्हाईक नको.

जोड्या लागल्या की प्रत्येक जोडीत टेस्ट कोण आणि कंट्रोल कोण, हे नाणं उडवून ठरवावं, आणि खरोखरच उडवावं. हे काम विभागप्रमुखावर सोडलं तर तो ज्या शाखेचा मॅनेजर तडफदार आहे, जिथे जागा मोठी आहे, तिथे ऑफर लावतो. मग मॅनेजरची तडफ लिफ्टमध्ये मोजली जाते. नाणं उडवल्यावर चांगले-वाईट मॅनेजर दोन्हीकडे विखुरले जातात.

ऑफर सुरू करण्याआधी आणखी एक तपासणी करावी, आणि ती टाळायची नाही. याच जोड्या, हेच टेस्ट-कंट्रोल धरून मागच्या दिवाळीच्या आकड्यांवर लिफ्ट काढून पाहावी. तेव्हा दोन्ही बाजूंत काहीच फरक नव्हता, त्यामुळे उत्तर शून्याच्या आसपास यायला हवं. १५-२० लिटर आलं तर जोड्या नीट लागलेल्या नाहीत. त्या पुन्हा लावाव्यात. ऑफर संपल्यावर हे लक्षात आलं तर मग करण्यासारखं काही उरत नाही.

गणित

ऑफर सोमवार ६ ऑक्टोबर ते रविवार १९ ऑक्टोबर, असे पूर्ण दोन आठवडे चालली. आधीचा काळ म्हणून ११ ऑगस्ट ते ५ ऑक्टोबर हे आठ आठवडे घेतले. त्यात गणेशोत्सवाची तेजी, पितृपक्षाची मंदी आणि नवरात्र असं सगळं येतं. फक्त शेवटचे दोन-तीन आठवडे घेतले असते तर नवरात्र आणि जीएसटी कमी होण्याची वाट पाहून थांबलेल्यांची खरेदी यांचंच वजन जास्त पडलं असतं. नेहमी पूर्ण आठवडे घ्यावेत, कारण शनिवार-रविवारची विक्री इतर दिवसांपेक्षा फार वेगळी असते.

मोजायचं ते सगळं तूप, एकटा ऑफरचा पॅक नव्हे. त्याचं कारण पुढे येईलच. सरासरी एका शाखेचे, दर आठवड्याचे आकडे असे:

टेस्ट दुकान: आधी १०० लिटर, ऑफरमध्ये २१० लिटर.
कंट्रोल दुकान: आधी ९० लिटर, त्याच दिवसांत १५३ लिटर.

कंट्रोल १५३ भागिले ९०, म्हणजे १.७ पट वाढलं. हा सणाचा, जीएसटीचा आणि बाकी सगळ्याचा एकत्र परिणाम. टेस्ट दुकानही ऑफरशिवाय तेवढंच वाढलं असतं असं धरलं, तर तिथे १०० गुणिले १.७, म्हणजे १७० लिटर खपले असते. प्रत्यक्षात २१० खपले. म्हणून लिफ्ट आठवड्याला ४० लिटर, अंदाजाच्या साधारण २३.५ टक्के.

मीटिंगमध्ये ‘विक्री दुप्पट झाली’ असं सांगितलं जातं, ते १०० वरून २१० पाहून. त्या ११० लिटरच्या वाढीतले ७० लिटर दिवाळीचे होते.

इथे एक प्रश्न हमखास येतो. पटीऐवजी सरळ वजाबाकी का करू नये? टेस्ट ११० ने वाढलं, कंट्रोल ६३ ने, फरक ४७. मग लिफ्ट ४० की ४७? सण लहान दुकानात १० लिटर वाढवतो आणि मोठ्या दुकानात १००, म्हणजे तो दुकानाच्या आकाराच्या प्रमाणात काम करतो, म्हणून किराण्यात पट वापरणं योग्य ठरतं. टेस्ट आणि कंट्रोल दुकानं सारख्याच आकाराची असतील तर दोन्ही उत्तरं जवळ येतात. कुठली रीत वापरायची ते ऑफरच्या आधी लिहून ठेवावं, नाहीतर आकडे आल्यावर जो मोठा असेल तोच योग्य वाटू लागतो.

प्रत्यक्षात हे गणित सरासरीवर न करता प्रत्येक जोडीवर वेगळं करावं. शीटमध्ये एका ओळीत एक जोडी घ्यावी. B रकान्यात टेस्टचा आधीचा आकडा, C मध्ये कंट्रोलचा आधीचा, D मध्ये टेस्टचा ऑफरमधला, E मध्ये कंट्रोलचा ऑफरमधला. F मध्ये लिफ्ट:

```
=D2-B2*(E2/C2)
```

कोथरूड-बिबवेवाडी जोडीत हे आकडे १२८, १२०, २७९ आणि २१० असतील तर लिफ्ट ५५ लिटर येते. अशा १२ जोड्यांच्या लिफ्ट आपल्या उदाहरणात ६२, १८, ४५, ५१, ९, ३८, ७०, ३३, -४, ५५, ४७ आणि ५६ आल्या. सरासरी ४०.

या रांगेकडे थोडा वेळ नुसतं पाहत राहावं. एका जोडीत ७०, दुसरीत उणे ४. कुठे शेजारी नवीन दुकान उघडलं, कुठे रस्ता खोदला होता, कुठे मॅनेजर रजेवर होता. अशा शंभर कारणांनी एकेका जोडीचा आकडा हलतो, म्हणून एका जोडीवरून काहीच ठरवू नये. वेगळ्या १२ जोड्या घेतल्या असत्या तर सरासरी किती हलली असती, याचा अंदाज हे सूत्र देतं:

```
=AVERAGE(F2:F13)
=CONFIDENCE.T(0.05,STDEV.S(F2:F13),12)
```

दुसरं उत्तर साधारण १४ येतं. म्हणजे खरी लिफ्ट २६ ते ५४ लिटरच्या दरम्यान असावी असं ९५ टक्के भरवशाने म्हणता येतं. शून्य या पट्ट्याच्या बाहेर आहे, म्हणून ऑफरने विक्री वाढवली हे पक्कं. ‘नेमकी २३.५ टक्के वाढवली’ असं मात्र छातीठोकपणे सांगू नये. टेस्टला फक्त तीन दुकानं घेतली असती तर हा पट्टा इतका रुंद झाला असता की त्यात बहुधा शून्यही बसलं असतं, आणि दोन आठवड्यांची मेहनत करून हाती काहीच आलं नसतं.

त्यातलं खरंच नवीन किती

आता ऑफरचा पॅक एकटा पाहू. टेस्ट दुकानात तो आधी आठवड्याला ६० जात होता, ऑफरमध्ये १५६ गेला. कंट्रोलच्या मापाने १०२ जायला हवा होता. म्हणजे पॅकची लिफ्ट ५४. तूप कंपनीचा प्रतिनिधी हाच आकडा घेऊन येतो, आणि त्याच्या बाजूने तो खराच आहे. पण सगळ्या तुपाची लिफ्ट ४० च आहे. मधले १४ लिटर कुठून आले? बाकीच्या ब्रँडांचं आणि अर्ध्या लिटरच्या पॅकचं मिळून ६८ लिटर जायला हवं होतं, गेलं ५४. तेवढं गिऱ्हाईक फडताळावर फक्त हात बदलून ऑफरच्या पॅककडे वळलं. कंपनीला ते नवीन गिऱ्हाईक आहे, दुकानाला नाही.

दुसरी गळती ऑफर संपल्यावर दिसते. तूप टिकतं. ५० रुपये वाचतात म्हटल्यावर माणूस एकाऐवजी दोन पॅक घेतो आणि नोव्हेंबरमध्ये तुपाच्या फडताळाकडे फिरकत नाही. म्हणून मोजणी १९ ऑक्टोबरला थांबवून चालत नाही. २० ऑक्टोबर ते १६ नोव्हेंबर हे चार आठवडे तीच तुलना पुढे चालू ठेवली. कंट्रोल दुकानात सरासरी ७२ लिटर, म्हणजे आधीच्या ०.८ पट. त्या हिशेबाने टेस्टमध्ये ८० जायला हवे होते, गेले ७४. आठवड्याला ६ कमी, चार आठवड्यांत २४. ऑफरमध्ये दोन आठवड्यांचे ८० लिटर मिळाले होते, त्यातले २४ पुढच्या महिन्यातून उसने आणलेले निघाले. उरले ५६.

ही घट किती आठवडे मोजायची ते मालावर अवलंबून आहे. तूप, तेल, साबण, डिटर्जंट यांना चार ते सहा आठवडे द्यावेत. ताज्या मिठाईला किंवा श्रीखंडाला एक आठवडा पुरतो, कारण ते कोणी साठवून ठेवत नाही.

पैशांचा हिशेब

लिफ्ट मिळाली म्हणजे फायदा झाला असं नाही. एका लिटरवर दुकानाला एरवी ६४ रुपये सुटतात असं धरू, सगळ्या ब्रँडांवर सारखेच. ऑफरच्या ५० पैकी २० रुपये कंपनीने सोसले, ३० दुकानाने. म्हणजे ऑफरच्या पॅकवर ३४ रुपये सुटले.

ऑफर नसती तर दोन आठवड्यांत ३४० लिटर गेले असते आणि २१,७६० रुपये सुटले असते. प्रत्यक्षात ऑफरचे ३१२ पॅक ३४ रुपयांनी गेले, ते १०,६०८. बाकीचं १०८ लिटर ६४ रुपयांनी, ते ६,९१२. एकूण १७,५२०. विक्री वाढूनही ४,२४० रुपये कमी. त्यात नंतरच्या घटीचे २४ लिटर, म्हणजे १,५३६ रुपये मिळवले की एका शाखेमागे ५,७७६ रुपयांचा तोटा, बारा शाखांत ६९,३१२.

तोटा का झाला ते एका आकड्यात दिसतं. ऑफरच्या ३१२ पॅकपैकी २०४ पॅक पूर्ण किमतीलाही गेले असते. दर तीन गिऱ्हाइकांमागे साधारण दोघांना, ते घेणारच असलेल्या वस्तूवर सूट दिली गेली. सणाच्या ऑफरची ही अंगभूत अडचण आहे. सण जितका मोठा, तितकी आपोआप होणारी विक्री मोठी, आणि तितकी सूट तिच्यावर वाया जाते. एरवीच्या शांत महिन्यात हीच ५० रुपयांची सूट कमी डोळ्यांत भरली असती, पण फुकट गेलेला वाटाही कमी असता.

इथे लिफ्टच्या अनिश्चिततेचा प्रश्न पुन्हा विचारावा. खरी लिफ्ट ४० नसून पट्ट्याच्या वरच्या टोकाला, ५४ असली तर? दोन आठवड्यांत २८ लिटर जास्त, ३४ रुपयांनी ९५२ रुपये. तोटा ४,८२४ वर येतो, जात नाही. म्हणजे लिफ्ट नेमकी किती यावर वाद घालण्यात अर्थ नाही. निर्णय बदलणारा आकडा दुसरा आहे: कंपनीचा वाटा. ५,७७६ ला ३१२ ने भागलं की १८.५ येतात. कंपनीने ५० पैकी २० ऐवजी ३९ रुपये सोसले असते तर दुकानाची बरोबरी झाली असती. पुढच्या वर्षी वाटाघाटीला बसताना हा आकडा हातात असावा. कंपनीला तिच्या पॅकची लिफ्ट ५४ मिळाली आहे, त्यामुळे तिने जास्त भार उचलणं रास्तच आहे.

‘पण तुपासाठी आलेला माणूस रवा, बेसन, पोहेही घेऊन गेला ना?’ हा आक्षेप बरोबर आहे, आणि तोही याच रीतीने तपासायचा, फक्त लिटरऐवजी बिलांची संख्या घ्यायची. एका वाढीव बिलावर तूप सोडून ६० रुपये सुटत असतील तर तोटा भरून काढायला शाखेमागे ९७ जास्तीची बिलं हवीत. दोन आठवड्यांत ८,००० बिलं होणाऱ्या शाखेत ही जेमतेम १.२ टक्के वाढ आहे. बारा जोड्यांत बिलांच्या आकड्याची हालचाल अधिक-उणे ३ टक्के निघाली तर १.२ टक्के वाढ झाली की नाही हे दिसणारच नाही. तेव्हा प्रामाणिकपणे एवढंच सांगता येतं की बाकीच्या मालाने तोटा भरून निघाला असेलही, या चाचणीतून ते कळत नाही. ‘एकूण धंदा वाढला’ या वाक्यावर ऑफर पुन्हा मंजूर करून घेताना निदान ही मर्यादा कागदावर असावी.

कुठे बिघडतं

सगळ्यात फसवी चूक गोदामात होते. टेस्ट दुकानांत तूप भराभर जातं, फोन येतात, आणि गोदामवाला उरलेला माल तिकडे वळवतो. कंट्रोल दुकानांत तीन दिवस फडताळ रिकामं राहतं. कंट्रोलची विक्री पडते, सणाचा गुणक १.७ ऐवजी १.५ दिसतो, आणि लिफ्ट ४० ऐवजी ६० निघते. हा आकडा विक्रीच्या अहवालात अगदी निर्दोष दिसतो. पकडायचं असेल तर दोन्ही बाजूंच्या सगळ्या शाखांचा रोजचा शिल्लक स्टॉक पाहावा. ज्या दिवशी एका दुकानात शिल्लक शून्य, तो दिवस जोडीतल्या दोन्ही दुकानांच्या हिशेबातून काढावा. उलट टेस्टमध्ये माल संपला तर लिफ्ट खऱ्यापेक्षा कमी दिसते. कंट्रोल दुकानांचा माल ऑफरच्या आधीच वेगळा काढून ठेवला तर ही भानगड होतच नाही.

दुसरी चूक काउंटरवर होते. कंट्रोल दुकानातलं जुनं गिऱ्हाईक फोनवर आलेला ऑफरचा फोटो दाखवतं, ‘तुमच्याच दुसऱ्या दुकानात ५० रुपये कमी आहेत, काका’ म्हणतं, आणि मॅनेजर नातं जपायला तीच किंमत लावतो. त्याचं चुकत नाही, पण ते दुकान आता कंट्रोल राहिलं नाही. कंट्रोल दुकानांच्या बिलांत त्या पॅकची कमी केलेली किंमत शोधली की हे सापडतं. पन्नासात एखादं बिल असेल तर सोडून द्यावं, दहात एक असेल तर ती जोडी बाद करावी. ऑफरची जाहिरात पूर्ण पुण्यात जाणाऱ्या वर्तमानपत्रात किंवा साखळीच्या ॲपवर सगळ्यांना दिसत असेल, तर ही चाचणी मुळातच होऊ शकत नाही. फलक टेस्ट दुकानाच्या आतच लावावा.

तिसरी गोष्ट घाऊक घेणाऱ्यांची. दिवाळीत घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या ताई, केटरर, जवळचे छोटे किराणावाले, हे सगळे ५० रुपये कमी दिसले की ३०-४० पॅक उचलतात. एवढं एक बिल एका शाखेची लिफ्ट आठवड्याला १५-२० लिटरने फुगवतं. फराळ करणाऱ्या ताई निदान आपलं गिऱ्हाईक आहेत. शेजारचा दुकानदार मात्र आपलंच तूप आपल्याच गिऱ्हाइकाला विकणार असतो. एका बिलावर दोन पॅकची मर्यादा घालणं हा सरळ उपाय. ती घालायची नसेल तर सहापेक्षा जास्त पॅकची बिलं दोन्ही बाजूंना वेगळी काढायची, असं आधीच ठरवावं. नंतर ठरवलं तर कुठलं बिल काढायचं यावरून आकडा हवा तिकडे वळवता येतो.

पुढच्या दिवाळीला

२०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. तेच १५ ते २ दिवस मोजले तर २४ ऑक्टोबर ते ६ नोव्हेंबर येतात. २०२५ मध्ये महिन्याचा किराणा ऑफर लागण्याआधी, ऑक्टोबरच्या पहिल्या चार-पाच दिवसांत बऱ्याच घरांत भरून झाला होता. २०२६ मध्ये पगार आणि महिन्याचा किराणा ऑफरच्या अगदी मध्ये पडेल. यादीत तूप आधीच लिहिलेलं असणारे जास्त येतील, आणि सूट वाया जाण्याचा वाटा बहुधा वाढेल. त्यामुळे २०२५ चा ४० लिटरचा आकडा उचलून २०२६ च्या अंदाजपत्रकात टाकू नये. ऑफर द्यायचीच असेल तर तीन पर्याय एकत्र तपासता येतील: आठ शाखांत ५० रुपये सूट, आठांत ३० रुपये, आठ शाखा कंट्रोल. जोड्यांऐवजी तीन-तीनचे आठ गट होतील, गणित तेच राहील. गट कमी झाल्याने पट्टा थोडा रुंद होईल, पण ३० रुपयांतही जवळपास तेवढीच लिफ्ट मिळते का, हे त्यातून कळू शकेल. त्यासाठी २०२५ चे शाखावार गुणक आत्ताच काढून ठेवावेत, फक्त कंट्रोल दुकानांचे. टेस्ट दुकानांच्या २०२५ च्या गुणकात ऑफर मिसळलेली आहे, त्यांच्यासाठी २०२४ चेच वापरावे लागतील.